फाईलमध्ये फक्त पोराचा माफीनामा उरतो : विदर्भातील आयटीआयच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य आणि गटनिदेशक,
शासकीय व खासगी औद्योगिक प्रशिक्षण संस्था,
नागपूर व अमरावती विभाग

विषय : कार्यशाळेतील मारहाण व शिवीगाळ, आणि त्याच्या तक्रारीचे पहिले काही दिवस

महोदय/महोदया,

कार्यशाळेत निदेशकाने प्रशिक्षणार्थ्याला मारले की ती बातमी तासाभरात तुमच्या केबिनपर्यंत पोचते. कागद मात्र पोचत नाही. दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणे जाते. तो मजुरी बुडवून, सकाळची एसटी धरून येतो, दाराशी चप्पल काढतो आणि काही ऐकून घेण्याआधीच म्हणतो, "सर, पोराचं वर्ष नका वाया जाऊ देऊ जी." मग निदेशक आणि पोरगा समोरासमोर उभे केले जातात, "आपसात मिटवून टाका" असे सांगितले जाते आणि पोराकडून एका कोऱ्या कागदावर लिहून घेतले जाते : माझ्याकडून चूक झाली, यापुढे असे होणार नाही. मार खाल्लेल्या मुलाच्या नावाने संस्थेच्या फाईलमध्ये राहणारा तो एकमेव कागद. सहा महिन्यांनी त्याच निदेशकाने दुसऱ्या मुलाला मारले, तर दप्तरात पहिल्या घटनेचा मागमूस नसतो. असतो तो फक्त एका "बेशिस्त" मुलाचा कबुलीजबाब.

आम्ही या पत्रात एवढ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. मारणे वाईट आहे हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. तक्रार तुमच्या टेबलावर कशी मरते आणि ती जिवंत ठेवायला नेमके काय करावे लागते, ते लिहितो.

एक उदाहरण धरू. तालुक्याची संस्था, फिटरचे पहिले वर्ष, मुलाचे वय सतरा. जॉब साधाच आहे : माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा कानशीने ४८ बाय ४८ मिलिमीटरला आणायचा, चारही बाजू गुण्यात. मुलाने एका बाजूला जास्त घासले. व्हर्निअर ४७.६ दाखवतो आणि गुण्या लावला तर फटीतून उजेड दिसतो. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी निदेशक जॉब हातात घेतो, आईवरून शिवी देतो, समोरून उजव्या हाताने कानाखाली मारतो आणि मग स्टीलच्या पट्टीचा एक फटका मानेवर देतो. वीस जणांची तुकडी बघत असते.

पहिला तास कानाचा आहे. समोरून उजव्या हाताने मारले की थप्पड डाव्या कानावर बसते. तळवा कानावर पूर्ण बसला तर आतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. बाहेरून काहीही दिसत नाही. मुलगा म्हणतो कान बंद झाल्यासारखा वाटतो, आत सुंई आवाज येतो, कधी थोडे चक्करल्यासारखे होते, कधी रक्ताळलेले पाणी येते. घरी गेल्यावर आजी लसणाचे कोमट तेल टाकते, आणि पडदा फाटला असेल तर तेच सर्वात वाईट. कानात तेल नाही, पाणी नाही, नाक जोरात शिंकरायचे नाही. लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरते, आणि म्हणूनच तपासणी पहिल्या एकदोन दिवसांत व्हायला हवी. ताज्या छिद्राच्या कडेला रक्त दिसते. पुढे ते दिसत नाही, मग छिद्र थपडेचे की जुन्या कानफुटीचे, हे डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही. ग्रामीण रुग्णालयात कानाचा तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी लागते. धारणी किंवा एटापल्लीसारख्या ठिकाणाहून त्या जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो. तो दिवस हजेरीत गैरहजर म्हणून लावू नका.

रुग्णालयात मुलासोबत कोण जाते, यावर पुढचे बरेच ठरते. मारणाऱ्या निदेशकाने किंवा त्याच्या जवळच्या सहकाऱ्याने नेले, तर केसपेपरवर "पाय घसरून पडला" असे लिहिले जाते. एकदा तसे लिहिले की पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशी विसंगत ठरतो. दुसऱ्या ट्रेडचा कर्मचारी पाठवा, पालकांना फोन करून थेट रुग्णालयात बोलवा आणि मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या : निदेशकांनी हाताने कानाखाली आणि पट्टीने मानेवर मारले. असे सांगितल्यावर डॉक्टर एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतात. त्यासाठी आधी पोलीस ठाण्यात जाऊन कागद आणावा लागत नाही. नोंदीत जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग आणि ती कशाने झाली असावी हे येते. पट्टीचा वळ लाल असतो, मग निळसर-जांभळा होतो, काही दिवसांनी हिरवट-पिवळा पडून जातो. फोटो काढायचा तर शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, दिवसाच्या उजेडात, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. वळ कधीकधी दुसऱ्या दिवशी जास्त स्पष्ट उमटतो.

आता अर्ज. मुले अर्ज लिहितात तेव्हा बहुधा असे लिहितात : "सर आम्हाला नेहमी खूप त्रास देतात, अपमानास्पद वागणूक देतात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." या वाक्यात चौकशी करण्यासारखे काहीच नाही. आपल्या उदाहरणातला अर्ज असा असायला हवा : अमुक तारखेला सकाळी अकरा वीसच्या सुमारास फिटर कार्यशाळेत सात नंबरच्या वाईसवर मी काम करत असताना निदेशकांनी माझा जॉब पाहिला, अशी शिवी दिली, उजव्या हाताने माझ्या डाव्या कानावर एकदा मारले व स्टीलच्या पट्टीने मानेवर एकदा मारले. सहा आणि आठ नंबरच्या वाईसवर हे दोन प्रशिक्षणार्थी होते. माझे वय सतरा वर्षे. त्यानंतर मला कान बंद झाल्यासारखे वाटत आहे. शिवी जशी दिली तशीच लिहायची; "अपशब्द वापरले" एवढ्यावर थांबायचे नाही. मुलांना ते शब्द कागदावर लिहायला लाज वाटते आणि पालकांना तर फारच. त्यांना सांगा की लाज ज्याने उच्चारले त्याची आहे.

साक्षीदार मुलांचे जबाब वेगवेगळे आणि ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात घ्या. सहा जणांनी एकाच मजकुराखाली सह्या केल्या किंवा सहा जबाबांत तेच शब्द आले, तर चौकशी अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, "कोणी शिकवलं?" एकाला पट्टी दिसली नसेल तर त्याने दिसली नाही असेच लिहावे. जबाबांतला असा खरा फरक तक्रार बळकट करतो.

अर्ज आला की लिपिकाने दोन्ही प्रतींवर शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि एक प्रत परत द्यायची. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि तक्रार सर्वात जास्त इथेच अडते. "साहेब आल्यावर द्या", "आधी तोंडी बोलून घ्या", "अर्ज राहू द्या, मी बघतो" ही तीन वाक्ये विदर्भातल्या प्रत्येक पालकाला पाठ आहेत. लिपिकाला लेखी सूचना द्या की अर्जाचा विषय वाचून आवक नाकारायची नाही. पालकांसाठीही लिहून ठेवतो : आवक नाकारली तर तोच अर्ज संस्थेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, आणि प्रत जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी आणि नागपूर किंवा अमरावतीच्या सहसंचालक कार्यालयाला द्या. निदेशकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे पोच नव्हे. निनावी अर्जही टाकू नका. तो बहुधा दप्तरी दाखल होतो आणि संशय मात्र चार निरपराध मुलांवर येतो.

अर्जासोबत त्याच दिवशी कॅमेऱ्याचे चित्रण बाजूला काढायला हवे. रेकॉर्डरची डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. एका लहान डिस्कवर सगळ्या कार्यशाळांचे कॅमेरे जोडलेले असतील, तर ते थोड्याच दिवसांत होते. चौकशी समिती नेमायला महिना जातो आणि मग अहवालात येते, "चित्रण उपलब्ध नाही." अकरा ते बारापर्यंतचा भाग दोन पेनड्राइव्हवर उतरवा, दोन जणांच्या सह्यांनी पाकीट बंद करा. रेकॉर्डरचे घड्याळ पुढेमागे असते, म्हणून मोबाइलवरची वेळ आणि रेकॉर्डरवरची वेळ शेजारी लिहून ठेवा, नाहीतर अकरा वीसला काहीच दिसत नाही असे होते. वीज गेली असेल आणि चित्रण तुटले असेल तर तेही त्याच दिवशी नोंदवा. आणि बहुतेक कॅमेऱ्यांना आवाज नसतो. शिवी चित्रणात सापडणार नाही, ती साक्षीदारांच्या जबाबातच येईल.

मुले गप्प का बसतात? मार पुन्हा पडेल म्हणून कमी, गुण जातील म्हणून जास्त. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. हजेरी निदेशक मांडतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण निदेशक देतो. जॉब पास की नापास, तोच सांगतो. "बघतो तू प्रॅक्टिकलला कसा पास होतो ते," एवढे वाक्य पुरते, दुसरी थप्पड लागत नाही. म्हणून अर्ज आला त्याच दिवशी त्या मुलाच्या आणि साक्षीदारांच्या हजेरीची आणि मूल्यमापन नोंदींची झेरॉक्स काढून तुमच्या सहीने बंद करा. पूर्ण झालेले जॉब, ज्यावर त्याचा क्रमांक पंच केलेला आहे, ते कपाटात ठेवा. आणि चौकशी संपेपर्यंत त्यांचे मूल्यमापन दुसऱ्या निदेशकाकडे किंवा गटनिदेशकाकडे द्या. निदेशकाऐवजी मुलाचीच तुकडी बदलू नका. दुसऱ्या पाळीत टाकले की त्याची संध्याकाळची एसटी चुकते आणि पंधरा दिवसांत तो येणेच बंद होतो. मग दप्तरात "स्वेच्छेने शिक्षण सोडले" अशी नोंद होते.

निदेशक नियमित शासकीय कर्मचारी असेल तर त्याच्यावरची कारवाई महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे होते, आणि मोठी शिक्षा देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो. पण म्हणून कागद तुमच्याकडे थांबायला नको. प्राथमिक अहवाल, एमएलसीची प्रत आणि जबाब वर पाठवणे तुमच्याच हातात आहे. तासिका तत्त्वावरचा निदेशक असेल तर उलटी अडचण येते. त्याला गुपचूप "उद्यापासून येऊ नका" सांगितले जाते आणि पुढच्या सत्रात तो शेजारच्या तालुक्यात शिकवत असतो, कारण त्याच्या नावाने एकही ओळ कुठे लिहिलेली नसते. त्याला कमी करायचे तर कारण लिहूनच.

पोलिसांचे समजून घेणे गरजेचे आहे, कारण इथे पालक खचतात. हाताने मारून साधी दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२) लागते. एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून प्रत देतात आणि न्यायालयात जा म्हणून सांगतात. पालकांना वाटते पोलिसांनी हाकलून दिले. तसे नाही, एनसीची प्रत हाही तारखेचा पुरावा आहे, ती घेऊनच निघायचे. मात्र हाड मोडले, दात पडला किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या, रोजची कामे करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत होते, कलम ११७, आणि मग एफआयआर. पट्टीने बोटाच्या पेरावर मारण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष वाचावे. पेराचे बारीक हाडही हाडच आहे. वेल्डिंगच्या मुलांना तापलेल्या रॉडचे किंवा गरम जॉबचे टोक लावण्याचे प्रकार होतात. तापलेल्या वस्तूने केलेली दुखापत कलम ११८(१) मध्ये येते, तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र. "गंमत केली" हे तिथे चालत नाही.

काही कार्यकर्ते अर्जात शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ लिहितात. त्यांनाही विनंती की लिहू नका. तो कायदा सहा ते चौदा वयाच्या प्राथमिक शिक्षणाचा आहे, आयटीआयला तो लागत नाही, आणि चुकीचे कलम दिसले की अर्ज बाजूला ठेवायला निमित्त मिळते. मुलगा अठराच्या आतला असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ पाहावे. बालक ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे त्याने केलेली मारहाण किंवा छळ त्यात येतो. शिक्षकाला ते कुठवर लागू होते यावर न्यायालयात वाद होतो, पण अर्जात वयच लिहिले नसेल तर तो वाद उभाच राहत नाही. वय लिहा, दाखल्याची प्रत जोडा. मुलाला स्वतःला बोलायचे असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे.

ओरडण्याबद्दल. कार्यशाळेत आवाज चढवावा लागतो हे आम्हाला मान्य आहे. ग्राइंडर चालू असताना कोणी चष्मा न लावता वाकला तर "थांब!" असे ओरडलेच पाहिजे, आणि कोणत्याही शहाण्या मुलाने त्याची तक्रार केलेली नाही. धोक्याचे ओरडणे एका शब्दाचे असते, ते मशीनबद्दल असते आणि मशीन थांबली की संपते. आईवरून, गावावरून, "तुम्ही जंगलातले" म्हणून, जातीवरून जे चालते ते धोक्याचे ओरडणे नव्हे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला तुकडीसमोर जातीवरून शिवी दिली तर अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ लागतो, आणि त्यात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. अशा अर्जाला "आधी संस्थेत चौकशी करतो" म्हणून थोपवून धरू नका.

निदेशकांचा एक युक्तिवाद आम्ही गंभीरपणे घेतो : "आज एक ठेवून दिली नाही तर उद्या पोराचा हात जाईल." चक आवळायची चावी, म्हणजे चक की, चकमध्येच ठेवून लेथ चालू केली तर ती गोळीसारखी उडते, हे खरे आहे. पण मार खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी काय करतो ते पाहा. भोकात आटे पाडताना टॅप तुटला, तर तो सांगत नाही. तुटका तुकडा आत राहतो, जॉब रॅकमध्ये मागे सरकवला जातो. कोणीतरी तोच तुकडा पुढे ड्रिलवर लावतो. ड्रिल आतल्या कडक पोलादावर अडते, बिट फुटते आणि नीट न आवळलेला जॉब हाताला घेऊन फिरतो. तुकडीत गेल्या महिन्यात किती बिट, टॅप आणि ब्लेड तुटल्याचे मुलांनी स्वतःहून सांगितले, ते साहित्य नोंदवहीत पाहा. खर्च भरपूर आणि सांगितलेली मोडतोड शून्य, तर त्या तुकडीत भीती आहे असे समजा. चक की विसरणाऱ्याला मशीनवरून उतरवा, मेन स्विच बंद करायला लावा, त्या दिवशी त्याला फक्त बघू द्या आणि दुसऱ्या दिवशी चालू करण्याआधीचे पाच टप्पे तोंडाने म्हणवून घेऊन मगच मशीन द्या. कानाचा पडदा फाटलेल्या मुलाला कटिंगचा आवाज बदललेला कळत नाही, हेही सुरक्षेतच मोजा.

एमआयडीसीतल्या कारखान्यांत किंवा गावातल्या गॅरेजमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून गेलेल्या मुलांचा रस्ता थोडा वेगळा आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ प्रमाणे तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे कामगार कार्यालय त्याला परत पाठवते. कराराबाबतचा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो, आणि जिल्ह्यातले ते काम मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र, म्हणजे बीटीआरआय पाहते. मार पडला म्हणून मुलगा न सांगता घरी निघून आला, तर मालक "करार मोडला" म्हणतो. आधी अर्ज, मग घर. करार नोंदलेलाच नसेल, तर तो शिकाऊ उमेदवार ठरत नाही. मग पोलीस आणि, अठराच्या आतला असेल तर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष हेच दरवाजे उरतात. आपल्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला करार क्रमांक कुठे पाहायचा, हे निरोपाच्या दिवशी दाखवा.

तुमच्याकडे आमची मागणी लहान आहे. या आठवड्यात प्रशिक्षणार्थ्यांच्या फाईल उघडून गेल्या दोन वर्षांतले माफीनामे बाहेर काढा. प्रत्येक माफीनामा लिहिणाऱ्या मुलाला बोलावून, निदेशक खोलीत नसताना, एकच विचारा : त्या दिवशी काय झाले होते? जे सांगेल ते लिहून घ्या, आवक क्रमांक टाका आणि त्या माफीनाम्याला टाचा. तुकडी पास होऊन गेली असेल तर फोन करा; नंबर प्रवेश अर्जावर आहे.

आपले,
आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले काही निदेशक आणि पालकांना अर्ज लिहून देणारे काही कार्यकर्ते